सात जबान्या, एक खून

गावात एखादी मारामारी झाली आणि चावडीवर चौकशी सुरू झाली, की एक गोष्ट हमखास दिसते. पाहणारे चार असले तर हकिकती चार निघतात. ऐकणारा शहाणा असेल तर तो केवळ "काय सांगितले" एवढेच पाहत नाही. सांगणारा कोण, तो कोणासमोर बोलतो आहे, आणि असे सांगण्यात त्याचे काय राहते नि काय जाते, हेही तो मनाशी ताडून पाहतो. कादंबरी किंवा लघुकथा वाचतानाही हेच करावे लागते. पण तेथे आपण बहुधा विसरतो. छापील पानावरचा "मी" जे सांगेल ते आपण मुकाट्याने खरे धरून चालतो.

कथा सांगणाऱ्याला साहित्याच्या अभ्यासात निवेदक म्हणतात. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० सालापासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. ती सांगते यमू. लिहिणारे मात्र हरिभाऊ. यमूच्या तोंडून कथा आल्यामुळे घरातल्या बाईला जे दिसते, जे सोसावे लागते, ते आपल्याला आतून कळते. तीच कथा तिच्या सासऱ्याने सांगितली असती तर घटना त्याच राहिल्या असत्या, पण पुस्तक वेगळे झाले असते. यमूवर आपण विश्वास ठेवतो, आणि ठेवावा अशीच लेखकाची इच्छा आहे. पण काही लेखक मुद्दाम असा निवेदक उभा करतात, की त्याच्या बोलण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येऊ नये. अमेरिकन टीकाकार वेन बूथ यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' असे नाव दिले, आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. नाव १९६१ चे. युक्ती मात्र त्याहून फार जुनी आहे.

ही युक्ती कशी चालते, हे एका जपानी कथेवरून फार स्वच्छ दिसते. या कथेला इतिहासही आहे. एकच प्रसंग बाराव्या शतकात एका तऱ्हेने सांगितला गेला, १९२२ साली दुसऱ्या तऱ्हेने, आणि १९५० साली चित्रपटात तिसऱ्या तऱ्हेने. दर वेळी सांगणारा बदलला आणि दर वेळी अर्थ बदलला. तो इतिहास आज आपण क्रमाने पाहू.

जपानमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास जुन्या कथांचा एक मोठा संग्रह तयार झाला. त्याचे नाव 'कोंजाकु मोनोगातारी'. आपल्याकडच्या कथासंग्रहांप्रमाणेच त्यात देवाधर्माच्या, राजांच्या, चोरांच्या, सर्व प्रकारच्या कथा आहेत. त्यांतली एक अशी: एक पुरुष बायकोला घोड्यावर बसवून तिच्यासह तांबा प्रांताकडे निघाला आहे. त्याच्याजवळ धनुष्यबाण आहेत. वाटेत एक तरुण भेटतो. त्याच्या कमरेला उत्तम तलवार आहे. तो म्हणतो, ही तलवार घ्या आणि मला तुमचे धनुष्य द्या. सौदा फायद्याचा वाटून नवरा धनुष्य देतो, वर बाणही देतो. दुपारी जेवायला म्हणून ते झाडीत शिरतात. तेथे तो तरुण त्याच धनुष्याला बाण लावून नवऱ्यावर रोखतो, त्याला झाडाला बांधतो, त्याच्या देखत बायकोवर अत्याचार करतो आणि घोडा घेऊन पळून जातो. बायको नवऱ्याला सोडवते आणि म्हणते, असला तुमचा कारभार असेल तर पुढे काही बरे व्हायचे नाही. नवरा गप्प राहतो. दोघे तशीच पुढची वाट धरतात.

या कथेत खून नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कथेचा शेवट. तेथे निवेदक स्वतः पुढे येतो आणि निवाडा देतो. चोराने त्या स्त्रीची वस्त्रे नेली नाहीत, एवढ्यापुरते तो त्याला चांगले म्हणतो; आणि अनोळखी माणसाच्या हाती डोंगरात धनुष्य देणारा नवरा मूर्ख, असे सांगून मोकळा होतो. कथा एका आवाजात सुरू झाली आणि त्याच आवाजात संपली. तो आवाज कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. तो सर्व जाणतो, सर्व पाहतो, आणि आपल्याला काय वाटावे हेही तोच ठरवतो. पण जरा बारकाईने पाहा. ज्या स्त्रीवर हा प्रसंग कोसळला तिच्या वाट्याला या निवाड्यात काय आले? नवऱ्याला दोष मिळाला, चोराला थोडीशी वाहवाही मिळाली. तिच्या दुःखाबद्दल मात्र निवाड्यात शब्द नाही. निवेदक खोटे बोलला नाही. पण तो कोठे उभा राहून पाहतो, यावरून त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे ठरले. यालाच आपण दृष्टिकोन म्हणतो.

आता सुमारे आठशे वर्षे पुढे येऊ. र्‍यूनोसुके अकुतागावा हा जपानी लेखक १८९२ साली जन्मला आणि १९२७ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःच जीवनाचा अंत केला. जुन्या कथासंग्रहांतले प्रसंग घेऊन त्यांना नवे रूप देण्याची त्याला आवड होती. जानेवारी १९२२ मध्ये त्याने वरच्याच प्रसंगावरून एक छोटी कथा प्रसिद्ध केली. तिचे नाव 'याबु नो नाका', म्हणजे 'झाडीच्या आत'. तीत त्याने दोन मोठे बदल केले. पहिला बदल असा की नवरा मेलेला आढळतो. दुसरा बदल याहून मोठा आहे. त्याने तो सर्वज्ञ निवेदक कथेतून काढूनच टाकला. त्याच्या जागी सात जणांच्या जबान्या एकापुढे एक ठेवल्या आणि आपण बाजूला झाला. चौकशी करणारा अधिकारी आहे, पण तो एक शब्दही बोलत नाही. त्याचे प्रश्न आपल्याला उत्तरांवरूनच ओळखायचे आहेत. शेवटी निवाडाही नाही. म्हणजे अधिकाऱ्याच्या जागी लेखकाने आपल्याला, वाचकाला, बसवले आहे.

पहिल्या चार जबान्या साक्षीदारांच्या आहेत. एक लाकूडतोड्या सांगतो, की यामाशिनाच्या रस्त्यापासून आत, बांबू आणि देवदाराच्या जातीची बारीक झाडे असलेल्या जागी त्याला प्रेत दिसले. छातीत भोसकल्याची एक जखम होती. शस्त्र मिळाले नाही. एका झाडाच्या बुंध्याशी दोर पडला होता आणि एक फणी पडली होती. भोवतालचे गवत व पालापाचोळा तुडवलेला होता. तेव्हा मरण्यापूर्वी त्याने चांगली झुंज दिली असली पाहिजे, असे तो म्हणतो. दुसरा साक्षीदार एक फिरस्ता भिक्षू. त्याने आदल्या दिवशी दुपारच्या सुमारास या जोडप्याला वाटेत पाहिले होते. बाईच्या तोंडावर जाळी असल्यामुळे चेहरा दिसला नाही. तिसरा शिपाई. त्याने ताजोमारू नावाच्या कुप्रसिद्ध दरोडेखोराला पकडले आहे. चौथी एक म्हातारी, त्या बाईची आई. ती सांगते, जावयाचे नाव ताकेहिरो, वय सव्वीस. मुलीचे नाव मासागो, वय एकोणीस. जावई तर गेला, निदान मुलीचा तरी शोध लावा, म्हणून ती रडते.

हे चौघे प्रसंगाच्या बाहेरचे. तरी त्यांच्याही बोलण्यात त्यांची नजर मिसळलेली आहे, हे लक्षात घ्या. शिपाई आपल्या शिकारीवर खूश आहे. मागच्या वर्षीचा एक खूनही याच दरोडेखोराचा असावा, असे तो सुचवून जातो. आई मुलीचे शील आणि जावयाचा स्वभाव यांची ग्वाही देते, कारण ती आई आहे. आणि लाकूडतोड्याचे ते वाक्य पाहा. "पाला तुडवलेला होता" ही पाहिलेली गोष्ट झाली. "म्हणून झुंज झाली" हा त्याने काढलेला तर्क झाला. दोन्ही एकाच दमात आल्यामुळे आपण दोन्ही पाहिलेलेच समजून बसतो. साक्ष तपासताना पाहिलेले आणि ताडलेले वेगळे करणे, ही पहिली पायरी आहे.

आता खरी गंमत सुरू होते. पुढच्या तीन जबान्या प्रत्यक्ष त्या झाडीत असलेल्या तिघांच्या आहेत.

ताजोमारू म्हणतो: वाऱ्याने जाळी हलली, बाईचा चेहरा क्षणभर दिसला, आणि मी ठरवले. जुन्या थडग्यातून आरसे नि तलवारी काढून झाडीत पुरून ठेवल्या आहेत, स्वस्तात देतो, अशी थाप मारून नवऱ्याला आत नेले आणि बांधले. मग बाईला आणून तिच्यावर अत्याचार केला. मी निघालो तेव्हा तीच मला बिलगली आणि म्हणाली, दोन पुरुषांसमोर बेअब्रू होऊन जगता येत नाही. तुमच्यातला एक मेला पाहिजे, उरेल त्याच्याबरोबर मी जाईन. मी नवऱ्याचे बंध सोडले आणि धर्मयुद्धात त्याला मारले. तेविसाव्या वाराला माझी तलवार त्याच्या छातीतून गेली. माझ्याशी वीस वार टिकणारा तेवढा एकच. मी वळून पाहतो तो बाई पळालेली होती.

मासागो ही कियोमिझूच्या मंदिरात आपला कबुलीजबाब देते: अत्याचारानंतर मी नवऱ्याकडे धावले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दुःख नव्हते. केवळ थंड तिरस्कार होता. ती नजर मला सोसवेना. मी बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा दरोडेखोर गेला होता. माझी ही बेअब्रू पाहून तुम्हाला जिवंत ठेवता येत नाही, आपण दोघे मरू, असे मी म्हणाले. त्याच्या तोंडात पाला कोंबलेला होता, पण "मार" असेच तो म्हणाला, असे मला कळले. मी खंजीर त्याच्या छातीत खुपसला. मग स्वतः मरण्याचे अनेक प्रयत्न केले. मरण आले नाही.

तिसरी जबानी मेलेल्या माणसाची! मांत्रिक स्त्रीच्या अंगात येऊन ताकेहिरोचा आत्मा बोलतो: दरोडेखोराने माझ्या बायकोची समजूत घातली, माझी बायको हो म्हणाला, आणि ती कबूल झाली. एवढेच नव्हे, जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून ती ओरडली, की याला ठार मारा. ते ऐकून दरोडेखोरसुद्धा हादरला. त्याने तिला लाथेने पाडले आणि मला विचारले, हिचे काय करू? तेवढ्यात ती पळाली. तो माझा दोर एका जागी कापून निघून गेला. मी पडलेला खंजीर उचलून आपल्या छातीत मारून घेतला. अंधारत चालले असता कोणीतरी हलक्या पावलांनी जवळ आले आणि तो खंजीर माझ्या छातीतून उपसून घेतला.

आता अधिकाऱ्याच्या आसनावर बसलेल्या आपण काय करायचे? कोणीही प्रथम वस्तूंकडे वळेल. दोर आहे, जखम आहे. वस्तू तर खोटे बोलत नाहीत! पण तपासून पाहा. दोर झाडाशी पडला होता. ताजोमारू म्हणतो, झुंजीपूर्वी मी सोडला आणि तेथेच विसरलो. मासागो म्हणते, प्रेताचे बंध मी सोडून टाकले. ताकेहिरो म्हणतो, दरोडेखोराने तो कापला. एकच दोर तिघांच्याही हकिकतीत बरोबर बसतो. जखम छातीत आहे, आणि तिघेही घाव छातीतच सांगतात. शस्त्र सापडले नाही, त्याचाही बंदोबस्त प्रत्येकाने केला आहे: तलवार दरोडेखोराने नेली असणार, खंजिराने बाईने पुढे आपला गळा चिरण्याचा प्रयत्न केला, म्हणजे तो तिच्यापाशीच राहिला, आणि मेलेला सांगतो, की तो कोणा अज्ञात हाताने उपसून नेला. हे योगायोगाने घडलेले नाही. लेखकाने पुरावा असा हिशेबाने पेरला आहे, की त्याच्या आधारे कोणाही एकाला खोटे पाडता येऊ नये. तुडवलेला पाला झुंजीकडे बोट दाखवतो खरा. पण पाला तुडवायला तलवारींची झुंजच लागते असे थोडेच आहे? एका माणसाला धरून बांधतानाही तो तुडवला जातो.

वस्तूंनी वाट दिली नाही, म्हणून आता आवाजांकडे वळू. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. खुनाच्या चौकशीत माणसे साधारणपणे "मी केले नाही" म्हणतात. येथे तिघेही म्हणतात, "मी केले." म्हणजे शिक्षा चुकवण्यासाठी येथे कोणी खोटे बोलत नाही. ताजोमारूला ठाऊक आहे, की आपले डोके केव्हातरी झाडावर टांगले जाणारच आहे. मेलेल्याला तर कसली शिक्षा? मग यांना वाचवायचे आहे तरी काय?

प्रत्येकाची कथा त्याला कोणत्या रूपात उभे करते ते पाहिले, की उत्तर मिळते. दरोडेखोराच्या कथेत तो चोर नाही, वीर आहे. बांधलेल्या माणसाला मारणारा नव्हे, तर त्याला सोडून तेवीस वार झुंजणारा. उलट तो अधिकाऱ्यांनाच ऐकवतो, की मी तलवारीने मारतो, तुम्ही सत्तेने आणि पैशाने मारता. मासागोच्या कथेत ती पतीबरोबर मरू पाहणारी पत्नी आहे. तिने कोणाला "मला ने" म्हटले नाही, कोणाला "मार" म्हटले नाही. ताकेहिरोच्या कथेत तो फसलेला, झाडाला जखडलेला सामुराई नाही; बायकोने दगा दिल्यावर स्वतःच्या हाताने मरण पत्करणारा मानी पुरुष आहे. जीव वाचवायला माणूस खोटे बोलतो हे आपण जाणतो. पण स्वतःच्या नजरेतली आपली मूर्ती वाचवायला माणूस खुनाचा आळसुद्धा अंगावर घेतो, हे या कथेने दाखवले. कदाचित ते जाणूनबुजून खोटे बोलतही नसतील. त्यांना तसेच आठवत असेल! अविश्वसनीय निवेदक म्हणजे केवळ लबाड माणूस नव्हे. ज्याला कळत नाही तो लहान मुलगा, ज्याला स्वतःकडे पाहवत नाही तो मोठा माणूस, हेही त्याच जातीचे. लबाडाला आपण लौकर पकडतो. स्वतःशी प्रामाणिकपणे खोटे बोलणारा पकडायला कठीण जातो.

त्याला ओळखायचे कसे? एक खूण सांगतो. कथा कोठून सुरू होते आणि काय गाळते ते पाहा. ताजोमारू अगदी आरंभापासून, वाऱ्याने हललेल्या जाळीपासून सुरुवात करतो. आपली थाप, आपली युक्ती सांगताना त्याला लाज नाही. उलट आनंद आहे. मासागो आणि ताकेहिरो ही दोघेही अत्याचारानंतरच्या क्षणापासून सुरू करतात. ताकेहिरोने काय गाळले? स्वस्तातल्या तलवारी-आरशांच्या लोभाने आपण झाडीत शिरलो, बायकोला रस्त्यावर एकटी सोडली, हे सारे. जुन्या कथेतल्या निवेदकाने ज्या मूर्खपणावर बोट ठेवले होते, नेमके तेच नवरा आपल्या तोंडाने सांगत नाही. गोष्ट जेथून सुरू होते तेथून दोषाची मोजणी सुरू होते. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ पाहा ना. एक काल मारलेल्या कुदळीपासून सांगायला लागतो, दुसरा वडिलांच्या वाटणीपासून.

दुसरी खूण म्हणजे ऐकणारा कोण. दरोडेखोर अधिकाऱ्यांसमोर बोलतो आहे. तेथे त्याला ताठ राहायचे आहे. मासागो मंदिरात बोलते. तेथे बोलणे पश्चात्तापाचेच होणार. मृतात्मा मांत्रिकेच्या तोंडून बोलतो, म्हणजे त्याचा आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून गाळून येतो. महाभारतात युद्धाची कथा संजय सांगतो ती धृतराष्ट्राला, म्हणजे ज्याची मुले मरणार आहेत त्या बापाला. ऐकणारा बदलला की सांगण्याचा सूर बदलतो, हे आपल्या कथेकऱ्यांना आणि कीर्तनकारांना शिकवावे लागत नाही.

येथवर आले म्हणजे वर्गात एक विद्यार्थी हमखास उठतो आणि म्हणतो, "मग सर, सगळेच खोटे. खरे असे काही नाहीच. ज्याचे त्याचे सत्य." या उत्तरात एक मोठा धोका आहे. परीक्षेच्या वह्यांतून हे वाक्य फार येते आणि ते दिसायला शहाणपणाचे दिसते. पण ते या कथेला धरून नाही. तिन्ही जबान्या पुन्हा समोर ठेवा आणि त्या कोठे फाटतात ते सोडून कोठे जुळतात ते पाहा. नवऱ्याला झाडाला बांधले होते, हे तिघांनाही मान्य. मासागोवर अत्याचार झाला, हे तिघांनाही मान्य. करणारा स्वतःच तसे म्हणतो. अत्याचार झाला तो नवऱ्याच्या देखत, हेही मान्य. ताकेहिरो मेला, हे तर उघडच आहे. मतभेद सुरू होतात ते त्यानंतर: कोण काय बोलले आणि घाव कोणी घातला, एवढ्यापुरते. ज्यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत असे तिघे जेथे एकमत होतात, तेथे पाय टेकायला जागा आहे. निवेदकावर अविश्वास ठेवणे म्हणजे सत्यावर अविश्वास ठेवणे नव्हे. उलट, सत्य आहे असे मानतो म्हणूनच आपण साक्ष तपासतो. सत्यच नसते तर तपासायचे कशाला?

हा मुद्दा नुसता तर्काचा नाही. "ज्याचे त्याचे सत्य" म्हणून आपण हात झटकले, तर त्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचारही कोणाच्या तरी मताचा भाग होऊन जातो. आणखी एक गोष्ट पाहा. दोन्ही पुरुषांच्या जबानीत खुनाची किंवा मरणाची मागणी तिच्याच तोंडी घातली आहे. एक म्हणतो, तिने झुंज मागितली. दुसरा म्हणतो, तिने माझा जीव मागितला. दोघांचे इतर काही जुळत नाही, पण दोष तिच्या पदरात टाकण्यात दोघे जुळतात. मग हाही एकमताचाच पुरावा नव्हे काय, असे कोणी विचारील. येथे हितसंबंध पाहायचा. अत्याचाराची कबुली दिल्याने कोणाचाच मान वाढत नाही, म्हणून ती वजनदार आहे. तिला दोष दिल्याने दोन्ही पुरुषांचा मान वाढतो, म्हणून तेथे त्यांचे एकमत हलके आहे. एवढ्यावरून ती सर्व खरे बोलते असे सिद्ध होत नाही. पण पारडे कसे धरावे ते कळते.

पुढे १९५० साली अकिरा कुरोसावा या दिग्दर्शकाने या कथेवरून चित्रपट केला. त्याला नाव दिले 'राशोमोन'. हे नाव अकुतागावाच्याच १९१५ सालच्या दुसऱ्या एका कथेचे. त्या कथेतली मोडकळीला आलेली नगरवेस त्याने चित्रपटाची चौकट म्हणून घेतली. मुसळधार पावसात वेशीखाली तिघेजण आडोशाला बसून या खटल्याबद्दल बोलतात. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि 'राशोमोन' हा शब्दच जगभर परस्परविरोधी साक्षींसाठी वापरला जाऊ लागला.

चित्रपटातही अधिकारी दिसत नाही की ऐकू येत नाही. साक्षीदार सरळ प्रेक्षकाकडे तोंड करून बोलतात. कथेचा गाभा दिग्दर्शकाने बरोबर ओळखला होता. पण त्याने एक भर घातली. त्याच्या चित्रपटात लाकूडतोड्या शेवटी कबूल करतो, की मी सारे लपून पाहिले होते. त्याच्या हकिकतीत ती वीरांची झुंज म्हणजे दोन घाबरलेल्या माणसांची केविलवाणी धडपड ठरते. प्रेक्षकाला वाटते, आता सुटलो, आता खरे कळले. तोच कोणी त्याला विचारतो, मग तो मूल्यवान खंजीर कोठे गेला? आणि कळते, की खंजीर त्यानेच चोरला आहे. चौथा निवेदकही निर्लेप नाही! अखेरीस तो लाकूडतोड्या वेशीपाशी टाकलेले एक तान्हे मूल उचलून घरी नेतो, आणि ऐकणाऱ्या भिक्षूचा माणसावरचा विश्वास परत येतो. कथेत असा दिलासा नाही. कथेचा शेवट अंधारातच होतो. कोणता शेवट बरा, याचा निवाडा मी करणार नाही. पण फरक कशाने पडला तो पाहा. चित्रपटाने साक्षींच्या वर एक चौकट बसवली आणि त्या चौकटीतून पुन्हा एक निवेदकाचा आवाज हळूच आत आला.

म्हणजे या प्रसंगाचा प्रवास असा झाला. बाराव्या शतकात एका आवाजाने कथा सांगितली आणि त्यानेच निवाडा दिला. १९२२ साली तो आवाज काढून घेतला गेला आणि निवाडा वाचकावर येऊन पडला. १९५० साली वाचकाच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, खांद्यावरचे ओझे थोडे हलके केले गेले.

शिक्षकबंधूंना एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. वर्गात सातजणांना सात जबान्या त्यांच्या त्यांच्या शब्दांत सांगायला लावा आणि फळ्यावर दोन रकाने आखा: तिघांनाही मान्य असलेले एकीकडे, वादाचे दुसरीकडे. मग वादाच्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: असे सांगण्याने सांगणाऱ्याचा मान वाढतो की घटतो? रकाने भरत गेले की खुनी कोण याचे उत्तर मिळत नाही; ते मिळू नये अशीच त्या कथेची बांधणी आहे. मिळते ते दुसरेच. बायकोला रस्त्यावर ठेवून झाडीत गेलेला नवरा, बढाईखोर दरोडेखोर आणि नवऱ्याच्या एका नजरेने मोडून पडलेली मुलगी ही तीन माणसे, ज्या गोष्टी ती लपवू पाहतात नेमक्या त्यांतूनच, आपल्याला स्वच्छ दिसू लागतात.